फी माफ झाली, पण दर किती लावला?

*नमस्कार. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं बिल, ९६,००० रुपये, ३ तारखेला क्रेडिट कार्डावर एकाच स्वाइपमध्ये भरलं. कार्डाचं स्टेटमेंट १८ तारखेला निघतं, भरायची तारीख पुढच्या महिन्याची ७. बँकेचा मेसेज आलाय: १२ हप्ते, व्याज १६ टक्के, प्रोसेसिंग फी २ टक्के. ही फी माफ करून मिळेल का? कुणाला आणि कसं विचारू? महिन्याला अकरा-साडेअकरा हजार बाजूला काढू शकते. मेडिक्लेमचा क्लेम टाकलाय, तीनेक महिन्यांत काही रक्कम येईल म्हणतात, किती ते माहीत नाही. कार्डाला ऑटो-पे लावलेलं आहे. — एक वाचक, नाशिक*

ताई, फी माफ होऊ शकते. पण ती मागायची ते हप्ते बुक होण्याआधी, आणि १८ तारखेच्या आत. त्याआधी आजच एक काम करा. ऑटो-पे "पूर्ण देय रकमेवर" आहे की "किमान देय रकमेवर", ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा. पूर्ण रकमेवर असेल आणि हप्ते स्टेटमेंटनंतर झाले, तर छापलेल्या बिलाप्रमाणे अख्खे ९६,००० खात्यातून ओढले जाण्याची भीती असते. रक्कम भरली गेली की हप्त्यात बदलायला काही उरतच नाही. ऑटो-पेची रक्कम देय तारखेच्या आधीच ठरून बँकेकडे जाते, त्यामुळे आदल्या दिवशी केलेला बदल बहुधा लागू होत नाही.

१८ तारखेच्या आत का, तेही सांगतो. खर्च व्यापाऱ्याकडून पक्का होऊन तुमच्या खात्यावर "पोस्ट" झाला की, म्हणजे साधारण दोन-तीन दिवसांत, तो हप्त्यांत बदलता येतो. स्टेटमेंट निघण्याआधी बदलला तर १८ तारखेच्या बिलात ९६,००० देय म्हणून येत नाहीत, फक्त हप्त्याचा हिशोब आणि बाकीचा खर्च येतो. स्टेटमेंटनंतरही पुष्कळ बँका हप्ते करून देतात, पण छापलेलं बिल बदलत नाही. मग ७ तारखेला नेमके किती भरायचे हे बँकेकडून लेखी घ्यावं लागतं. इथेच लोक फसतात. हप्ते मंजूर झाले असं समजून फक्त किराणा-पेट्रोलचे सात-आठ हजार भरतात. इकडे हप्त्यांची नोंद एक दिवस उशिरा पडते आणि बँकेच्या लेखी ते अर्धवट भरलेलं बिल ठरतं. त्यावर मग कार्डाचं नेहमीचं व्याज लागतं. ते बऱ्याच कार्डांवर महिना साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं. ९६,००० वर साडेतीन टक्के म्हणजे एका महिन्याला ३,३६० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. तुम्ही जी फी वाचवायला निघालात, त्याहून ही रक्कम मोठी आहे.

आता फीकडे वळू. २ टक्के म्हणजे १,९२० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३४५ रुपये ६० पैसे. म्हणजे एकूण २,२६६ रुपये धरा. हा आकडा पाठ करून ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचं आहे.

१६ टक्के दर घटत्या शिलकीवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच, असेल तर १२ महिन्यांचा हप्ता साधारण ८,७१० रुपये बसतो. वर्षभरात व्याज जातं ८,५२२. क्रेडिट कार्डाच्या व्याजावरही जीएसटी लागतो, घरकर्जासारखी सूट इथे नाही. तो होतो १,५३४. व्याज आणि जीएसटी मिळून १०,०५६, आणि फी धरली तर १२,३२२. शस्त्रक्रियेच्या बिलावर वर एवढे जाणार.

तुम्ही महिन्याला अकरा-साडेअकरा हजार काढू शकता म्हणता. ९ महिन्यांचा हप्ता त्याच दराने ११,३९० येतो. व्याज ६,५१३, त्यावर जीएसटी १,१७२, मिळून ७,६८५. म्हणजे १२ ऐवजी ९ महिने घेतले की २,३७१ रुपये वाचतात, फी माफीपेक्षा शंभर रुपये जास्तच. आणि यासाठी कुणाला विनंती करावी लागत नाही. मुदत आधी कमी करा आणि मग फी माफी मागा. दोन्ही जमलं तर १२,३२२ चे ७,६८५ होतात. मात्र हप्त्यावरचा जीएसटी वेगळा येतो, पहिल्या महिन्यात तो दोनशेच्या पुढे असतो. शिवाय बुकिंगच्या तारखेपासून पहिल्या स्टेटमेंटपर्यंतचं सुटं व्याज काही बँका पहिल्या हप्त्यात घालतात. तेव्हा पहिल्या महिन्याला पावणेबारा हजार हाताशी ठेवा. तेवढे निघणार नसतील तर १२ महिनेच घ्या. ओढून-ताणून ९ चा हप्ता घेऊन एखादा चुकवणं जास्त महागात पडतं.

ज्या चुकीची भीती आम्हाला सर्वांत जास्त वाटते ती आता सांगतो. फोनवरची व्यक्ती म्हणते, "मॅडम, तुमच्यासाठी प्रोसेसिंग फी पूर्ण माफ करतोय," आणि आपण खूश होऊन हो म्हणतो. पण ती फी-माफीची योजना वेगळी असते आणि तिचा दर वेगळा असतो. समजा दर १६ चा २० झाला. १२ महिन्यांचं व्याज होतं १०,७१५, जीएसटी १,९२९, एकूण १२,६४४. फी भरून १६ टक्क्यांनी घेतलं असतं तर १२,३२२ गेले असते. फी माफ होऊनही तीनशे रुपये जास्त गेले! तुमच्या रकमेला आणि १२ महिन्यांना हिशोब असा बसतो की दराचा एकेक टक्का साधारण साडेसहाशे रुपयांचा आहे. फीच्या बदल्यात दर साडेतीन टक्क्यांहून जास्त चढला की माफी तोट्याची.

दुसरा प्रकार "महिना फक्त एक टक्का" असा सांगितला जातो. हा एक टक्का पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर वर्षभर लावला जात असेल तर व्याज ११,५२० होतं आणि हप्ता ८,९६०. घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून टक्क्यावर विश्वास ठेवू नका. हप्ता किती आणि किती हप्ते, एवढेच दोन आकडे मागा. हप्ता गुणिले महिने, त्यातून ९६,००० वजा. उरेल ते व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि शेवटी फी. बँकेने काहीही नाव दिलं तरी या तीन ओळींत सगळं उघडं पडतं.

विचारायचं असं. आधी अ‍ॅपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये जाऊन तो खर्च निवडा आणि हप्त्यांचा पर्याय उघडा, पण शेवटचं बटण दाबू नका. ६, ९, १२ महिन्यांसाठी वेगवेगळे दर आणि फी दिसतात. मेसेजमधल्या ऑफरपेक्षा अ‍ॅपमध्ये कधीकधी स्वस्त योजना असते, कधी टक्केवारीऐवजी ठरावीक रकमेची फी असते. तिन्हीचे स्क्रीनशॉट काढा. मगच कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. मेसेजमध्ये आलेल्या नंबरवर करू नका, आणि मोठ्या खर्चानंतर "हप्ते करून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आलाच तर तो ठेवून द्या. हप्ते तुम्ही स्वतः अ‍ॅपमधून किंवा स्वतः लावलेल्या फोनवरूनच करायचे.

फोनवर मागणी अशी नेमकी करा:

"३ तारखेचा ९६,००० चा खर्च मला ९ हप्त्यांत करायचा आहे. अ‍ॅपमध्ये दर १६ टक्के आणि फी २ टक्के दिसतेय. दर हाच ठेवून फी शून्य असलेली योजना माझ्या कार्डावर आहे का ते बघा. नसेल तर बुकिंग करू नका, फी माफीची रिक्वेस्ट नोंदवा आणि तिचा नंबर द्या."

यातलं "बुकिंग करू नका" हे शब्द महत्त्वाचे. फोन उचलणाऱ्या कर्मचाऱ्याकडे फी माफ करायचा अधिकार बहुतेक वेळा नसतो. त्याच्या स्क्रीनवर तुमच्या कार्डासाठी ज्या योजना दिसतात त्यातलीच एक तो लावू शकतो. तो मनापासून म्हणेल, "आता बुक करू या, फी नंतर परत करून देतो." तिथे थांबा. बुकिंगच्या क्षणी फी आणि तिचा जीएसटी सिस्टीम आपोआप लावते, आणि बऱ्याच बँकांच्या अटींत लिहिलेलं असतं की एकदा लावलेला जीएसटी परत होणार नाही. म्हणजे नंतर १,९२० परत आले तरी ३४६ गेलेच. शिवाय "नंतर"ची नोंद कुठे असेल याची खात्री नाही. फी लागूच नये अशी मागणी आणि लागलेली फी परत द्या अशी मागणी, यात पहिली सोपी असते.

कारण काय सांगायचं? खरं असेल तेच, आणि बँकेला तिच्या नोंदींत तपासता येईल असं. किती वर्षं कार्ड आहे, दर महिन्याला बिल पूर्ण भरलं आहे, वर्षाला साधारण किती खर्च करता. पगाराच्या खात्यावर दुसऱ्या बँकेची पूर्वमंजूर वैयक्तिक कर्जाची ऑफर असेल तर तिचा दर आणि फी सांगा. हे नुसतं दबावाला नाही, ती खरोखर स्वस्त पडत असेल तर तीच घ्या. आईच्या आजारपणाचं सांगायला हरकत नाही, पण माफीचा निर्णय बहुधा तुमच्या कार्डाच्या वापरावर होतो. "कार्ड बंद करीन" ही धमकी मात्र नको. बाकी शून्य झाल्याशिवाय कार्ड बंद होत नाही, आणि तुमच्यावर ९६,००० बाकी आहेत हे समोरच्याला दिसतंय.

फोनवर नाही म्हणाले तर त्याच दिवशी नोंदणीकृत ईमेलवरून लिहा, म्हणजे उत्तर लेखी येतं. मजकूर एवढा पुरे:

"कार्डाचे शेवटचे चार आकडे ____. ३ तारखेच्या ९६,००० रुपयांच्या व्यवहाराचे ९ हप्ते करायचे आहेत. कृपया कळवा: १) हप्त्याची रक्कम आणि वार्षिक दर, घटत्या शिलकीवर, २) प्रोसेसिंग फी जीएसटीसह शून्य करता येईल का, ३) मुदतीआधी बंद केल्यास शुल्क किती, ४) येत्या देय तारखेला मी नेमके किती भरायचे. तुमच्या लेखी उत्तरानंतरच मी संमती देईन. फोनवरील विनंतीचा क्रमांक ____."

१६ तारखेपर्यंत उत्तर आलं नाही, तर फीच्या नादात १८ तारीख हुकवू नका. अ‍ॅपमधली जी योजना एकूण हिशोबात स्वस्त आहे ती घेऊन टाका आणि माफीची मागणी मागाहून चालू ठेवा. पूर्ण माफी नाही म्हणाले तर निम्मी, किंवा टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम, असंही विचारता येतं.

आता क्लेमबद्दल. तीन महिन्यांनी क्लेमचे पैसे आले तर हप्ते मोडून टाकू, असा विचार मनात असणार. साहजिक आहे, पण हिशोब बघा. ९ पैकी ३ हप्ते भरल्यावर मुद्दल उरतं साधारण ६५,२६३. मुदतीआधी बंद करायचं शुल्क अनेक बँकांत उरलेल्या मुद्दलाच्या ३ टक्के असतं: १,९५८, वर जीएसटी ३५२, मिळून २,३१०. बंद केल्याने वाचणारं पुढचं व्याज जीएसटीसह ३,६३३. म्हणजे ६५,००० रुपये एकदम भरून निव्वळ फायदा तेराशेचा. हप्ते पुढे चालू ठेवून तेच पैसे बँकेत ठेवले तर त्यांवर थोडं व्याज मिळेल आणि हप्तेही त्यातूनच जातील. तुमच्या बाबतीत म्हणूनच मुदतपूर्व शुल्काची माफी ही प्रोसेसिंग फीइतकीच किमतीची आहे. दोन्ही मागा. एकच देतो म्हणाले तर प्रोसेसिंग फीची घ्या, कारण ती नक्की लागणार आहे आणि क्लेमचं अजून काही नक्की नाही.

क्लेम अर्धाच आला, समजा ४०,००० आले, तर ते कार्डावर भरून हप्ता कमी होईल असं समजू नका. साधारणपणे ते पैसे कार्डावर जमा म्हणून पडून राहतात आणि पुढच्या बिलांत वळते होतात. हप्त्यांचं वेळापत्रक आणि व्याज तसंच चालतं. बंद करायचं तर पूर्ण, असाच बहुतेक ठिकाणी नियम आहे. हॉस्पिटलने काही रक्कम कार्डावर परत केली तरी तीच गत. परतावा आला म्हणून हप्ते आपोआप थांबत नाहीत, बँकेला स्वतंत्र कळवावं लागतं.

हप्ते झाल्यावर कार्डाची मर्यादा लगेच मोकळी होत नाही. ९६,००० अडकलेले राहतात आणि प्रत्येक हप्त्याच्या मुद्दलाएवढेच सुटत जातात. दर महिन्याचा पूर्ण हप्ता "किमान देय रकमे"त धरलेला असतो, पण फक्त किमान रक्कम भरली तर बाकीच्या खर्चावर व्याज सुरू होतं. म्हणून ऑटो-पे या नऊ महिन्यांसाठी पूर्ण देय रकमेवरच असू द्या. फक्त ते पूर्ण रकमेवर ठेवण्याआधी १८ तारखेच्या बिलात ९६,००० दिसत नाहीत ना, याची खात्री करून घ्या. या खर्चावर मिळालेले रिवॉर्ड पॉइंटही बहुतेक कार्डांवर हप्ते केल्यावर काढून घेतले जातात. ते फार असतील तर हिशोबात धरा.

पहिलं स्टेटमेंट आलं की स्क्रीनशॉट शेजारी ठेवून चार ओळी शोधा: हप्त्याचं मुद्दल, हप्त्याचं व्याज, व्याजावरचा जीएसटी, आणि प्रोसेसिंग फी. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार हप्ते करण्याआधी मुद्दल, व्याज आणि सवलत स्पष्ट दाखवणं, आणि स्टेटमेंटमध्येही ते वेगवेगळं दाखवणं बँकेवर बंधनकारक आहे. व्याज लपवून त्याला "नो कॉस्ट" म्हणणंही चालत नाही. ९ हप्त्यांच्या पहिल्या महिन्यात १६ टक्क्यांचं व्याज १,२८० च्या आसपास दिसायला हवं. सुटे दिवस धरले असतील तर थोडं कमी-जास्त. ते १,६०० दिसलं तर दर २० लागला आहे असं समजा आणि त्याच दिवशी कळवा. फी माफ केली असेल तर ती ओळ नसावी, किंवा फी आणि तिचा जीएसटी दोन्ही परत जमा झालेले दिसावेत.

ठरल्याप्रमाणे झालं नसेल तर विनंती क्रमांक आणि ईमेल जोडून बँकेच्या तक्रार विभागाकडे, मग नोडल अधिकाऱ्याकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी फोन १४४४८. तिथे एक मर्यादा आहे. "फी माफ करायला बँक नाही म्हणाली" ही तक्रार टिकत नाही, कारण फी ठेवायची की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. "माफ करू असं लेखी दिलं आणि तरी लावली", किंवा "दर १६ सांगितला आणि २० लावला", या तक्रारी टिकतात. त्या ईमेलमधले चार प्रश्न तसेच विचारा म्हणतो ते यासाठी.